खातेउताऱ्यावरून पैसे भरू की डुप्लिकेट बिल मागू?

प्रश्न: आमच्या नेहमीच्या पुरवठादाराचं ३ तारखेचं बिल क्र. २१८७ माझ्याकडून हरवलं. दहा दिवसांत भरलं तर मालाच्या किमतीवर २ टक्के सूट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम, अशी त्यांची अट आहे. त्यांच्या सेल्समनने ८ तारखेचा खातेउतारा पाठवला आणि म्हणाला, यावरून भरून टाका. उताऱ्यावर एकूण १,२४,३०० दिसतात. आज ९ तारीख. बिल पुन्हा मागायला संकोच वाटतो. भरून टाकू का? उतारा, खरेदी ऑर्डर, चलन आणि बँकेचं स्टेटमेंट सोबत जोडलं आहे.

उत्तर:

भरू नका. डुप्लिकेट आजच मागा, १३ तारखेच्या आत हातात पडेल अशा बेताने. सूट सोडून द्या असं मी म्हणत नाही, उलट ती मिळवण्यासारखी आहे. वीस दिवस आधी पैसे देऊन २ टक्के वाचणं म्हणजे वर्षाच्या हिशोबाने साधारण ३७ टक्के व्याज मिळण्यासारखं आहे. पैसे खात्यात पडून असतील तर ते वापरण्याचा याहून चांगला मार्ग तुम्हाला सहज सापडणार नाही. पण त्या सुटीपायी उताऱ्यावरून पैसे सोडलेत, तर वाचेल त्यापेक्षा जास्त जाईल. हे मी तुमचे कागद समोर ठेवून सांगतो आहे.

उताऱ्यावर तीन ओळी आहेत. पहिली बिल २१४०ची, ६१,७०० ची. तुमच्या बँक स्टेटमेंटवर ही रक्कम ७ तारखेला गेलेली दिसते. उतारा ८ तारखेचा आहे, म्हणजे तुमचे पैसे त्यांच्या बँकेत पोचले तरी त्यांच्या खातेवहीत तोवर जमा धरले नव्हते. यात त्यांची लबाडी नाही, एक-दोन दिवसांचा असा फरक जवळजवळ प्रत्येक उताऱ्यात असतो. पण तुम्ही १,२४,३०० भरले असते, तर हे बिल दुसऱ्यांदा भरलं गेलं असतं. दुसरी ओळ बिल २१६६ची, १४,००० ची. त्यातला ३,२०० चा माल तुम्ही परत केला आणि त्याची पोच तुमच्याकडे आहे, पण त्याची क्रेडिट नोट उताऱ्यावर कुठेच नाही. तिथे खरं देणं १०,८०० चं आहे.

तिसरी ओळ हरवलेल्या बिलाची, ४८,६००. उताऱ्यावर फक्त आकडा आहे, नग नाहीत आणि दरही नाही. तुमच्या ऑर्डरवर दर ७८० आणि वाहतूक १,८०० लिहिली आहे. ४८,६०० मधून वाहतूक वजा केली की ४६,८०० उरतात, त्याला ७८० ने भागलं की ६० खोकी येतात. ऑर्डरही ६० चीच होती, त्यामुळे वरवर सगळं बरोबर वाटतं. पण चलनाच्या कोपऱ्यात तुमच्याच माणसाने पेन्सिलने लिहिलं आहे, "५८ मिळाली, २ कमी". म्हणजे देणं ५८ खोक्यांचं: ४५,२४० आणि वाहतूक १,८००, मिळून ४७,०४०. फरक १,५६० चा. ज्या सुटीसाठी घाई करत आहात ती ६० खोक्यांवर धरली तरी ९३६ होते.

उतारा आणि बिल यांत फरक आहे तो इथेच. उतारा म्हणजे त्यांच्या वहीप्रमाणे तुमच्याकडून किती येणं आहे त्याची यादी. कोणता माल, किती नग, काय दर, हे फक्त बिलावर असतं, आणि ऑर्डर, चलन व बिल हे तीन कागद एकमेकांशी जुळले तरच रक्कम देण्याजोगी ठरते. उताऱ्याचा उपयोग वेगळा आहे: कोणतं बिल आपल्याकडे पोचलंच नाही किंवा आपलं कोणतं पेमेंट त्यांच्याकडे जमा झालं नाही, हे त्यावरून कळतं. त्या कामासाठी तो जपून ठेवा, पैसे मात्र त्यावरून देऊ नका.

संकोचाबद्दल एवढंच सांगतो की बिल हरवणं ही त्यांच्यासाठी रोजची गोष्ट आहे. ते प्रोग्रॅममधून तीच प्रत पुन्हा काढतात, त्याला पाच मिनिटं लागतात. उशीर होतो तो चुकीच्या माणसाला विचारल्यामुळे. सेल्समनला सांगितलं की तो "पाठवतो" म्हणतो आणि दुसऱ्या फेरीवर निघून जातो. त्यांच्या अकाउंट्स विभागात, वसुली बघणाऱ्या माणसाशी बोला. त्याला तुमचे पैसे हवे असतात, त्यामुळे तुमचा कागद तो सगळ्यात आधी काढून देईल. आधी फोन करा आणि लगेच मेल पाठवा, म्हणजे मागितल्याची तारीख लेखी राहील. मेल साधारण असा असावा:

"आपलं ३ तारखेचं बिल क्र. २१८७ आमच्याकडून गहाळ झालं आहे. आमचा ग्राहक क्रमांक, ऑर्डर क्रमांक आणि चलन क्रमांक खाली दिले आहेत. कृपया मूळ बिलाचीच प्रत, त्याच क्रमांकाची व तारखेची, 'डुप्लिकेट' असा शेरा मारून पाठवावी. नवीन क्रमांकाचं बिल काढू नये. सुटीच्या मुदतीत पैसे देण्याची आमची तयारी आहे. आपल्याकडून प्रत यायला उशीर झाल्यास प्रत मिळाल्यानंतर दोन दिवसांपर्यंत सूट ग्राह्य धराल का, हे लेखी कळवावं. चलनाप्रमाणे ५८ खोकी मिळाली आहेत. बिल ६० चं असल्यास दोन खोक्यांची क्रेडिट नोट सोबत पाठवावी. बिल २१६६ मधील परत केलेल्या मालाची क्रेडिट नोटही बाकी आहे."

या मेलमध्ये रक्कम मुद्दाम टाकलेली नाही. रक्कम त्यांच्या कागदावरून यावी आणि तुम्ही ती आपल्या चलनाशी ताडून बघावी. तुम्हीच आकडा सांगितलात, तर तोच आकडा परत येईल आणि तपासण्यासारखं काही उरणार नाही.

"नवीन क्रमांकाचं बिल काढू नये" हे वाक्य कृपा करून गाळू नका. घाईत असलेला माणूस कधीकधी जुनं शोधण्यापेक्षा नवीन बिल काढून देतो. मग त्यांच्या वहीत एकाच मालाची दोन बिलं होतात आणि पुढच्या उताऱ्यात तुमच्याकडे दोन्ही थकलेली दिसतात. जुनं बिल पुन्हा छापता येतच नाही असं ते म्हणाले, तर जुनं रद्द केल्याची क्रेडिट नोट नव्या बिलासोबत मागा. ती हातात येईपर्यंत नवीन बिल वहीत चढवू नका.

मुदतीबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. डुप्लिकेट ज्या दिवशी मिळाली त्या दिवसापासून दहा दिवस मोजायचे नसतात. मोजणी मूळ बिलाच्या तारखेपासूनच होते. बिल आपल्याकडून हरवलं असेल तर मुदत वाढवून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, म्हणूनच विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. प्रत १३ तारखेपर्यंत आली नाही आणि मुदत वाढवायलाही ते तयार झाले नाहीत, तर सूट जाऊ द्या. ५८ खोक्यांवर ती ९०४.८० होते, तेवढ्यासाठी न तपासलेलं बिल भरू नये. तीस दिवसांची मुदत अजून शिल्लक आहे. काही जण अशा वेळी "हिशोबापोटी" म्हणून गोळा रक्कम पाठवतात. मला ते पटत नाही. बिल क्रमांकाविना आलेली रक्कम त्यांच्या खात्यात तशीच पडून राहते, बिल थकीत दिसत राहतं आणि शेवटी सूटही मिळत नाही.

आता प्रत आल्यावर. कागद उघडलात की आधी बँक खात्याचा क्रमांक जुन्या बिलांशी ताडून बघा. माझ्या एका ग्राहकाने अशीच प्रत मागितली होती. दुसऱ्या दिवशी प्रत आली, शिक्का आणि मांडणी हुबेहूब तीच, फक्त खाली "आमचं बँक खातं बदललं आहे" अशी एक ओळ होती. मेलच्या पत्त्यात एक अक्षर वेगळं होतं. त्यांनी जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन केला, तर पुरवठादाराने अजून काहीच पाठवलेलं नव्हतं. कोणीतरी दोघांमधला मेल वाचत होतं आणि अशाच मागणीची वाट बघत होतं. खातं बदललेलं दिसलं तर फोन करून खात्री करा, आणि नंबर त्या मेलमधला न घेता आपल्या जुन्या कागदावरचा घ्या.

सगळं जुळलं की तुमचं देणं असं राहील: बिल २१८७चे ४७,०४०, सूट मिळाली तर ४६,१३५.२०, आणि बिल २१६६चे १०,८००. पैसे पाठवताना दोन्ही बिलांचे क्रमांक वेगवेगळे लिहा. २१४०बद्दल त्यांना ७ तारखेच्या व्यवहाराचा क्रमांक कळवा आणि रक्कम जमा झालेला नवीन उतारा मागवा.

वहीत नोंद करताना बिल क्रमांक २१८७ असाच टाका. "२१८७-डी" किंवा "डुप्लिकेट २१८७" असं त्या रकान्यात लिहू नका. बरेच हिशोबाचे प्रोग्रॅम एकाच पुरवठादाराचा तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की अडवतात, पण शेवटी एक अक्षर जोडलं की त्यांना ते वेगळं बिल वाटतं. मग चार महिन्यांनी कपाटामागे मूळ बिल सापडतं, कोणीतरी इमानदारीने ते चढवतं आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. तारीखही मूळचीच, ३ तारीख टाका, नाहीतर प्रोग्रॅम देय तारीख चुकीची दाखवेल. "डुप्लिकेट प्रतीवरून भरलं" हा शेरा तपशिलाच्या रकान्यात असू द्या. मूळ कागद पुढे कधी सापडला तर त्यावर दोन आडव्या रेघा मारा, पैसे दिल्याची तारीख लिहा आणि डुप्लिकेटच्या मागे टाचून ठेवा.