वर्कशीटवर नाणी मोजताना मूल चुकतं, कसं शिकवू?

प्रश्न: मुलगी सिनियर केजीत आहे. आकार आणि पॅटर्नच्या वर्कशीट करते, पण ५, २ आणि १ रुपयाची नाणी दिली की उत्तर ‘३’ लिहिते. घड्याळातही गोंधळ होतो.

उत्तर: प्रत्येक नाण्याखाली त्याच्या किमतीइतके ठिपके काढायला लावा आणि नाण्यांऐवजी ठिपके मोजू द्या. मी बालवर्गाला शिकवते, तिथे ही चूक नेहमी दिसते. आतापर्यंत मुलांनी एक वस्तू म्हणजे एक असंच मोजलेलं असतं, त्यामुळे तीन नाणी म्हणजे तीन. एकच नाणं पाच रुपयांचं असू शकतं, ही त्यांच्यासाठी खरोखर नवी गोष्ट आहे. म्हणून आधी घरी एक-एक रुपयाची पाच नाणी देऊन पाचाचं एक नाणं घ्यायचा खेळ खेळा. मग कागदावर ५ खाली पाच ठिपके, २ खाली दोन, १ खाली एक. ते जमलं की मोठ्या नाण्यापासून पुढे मोजायचं: ‘पाच’ म्हणून थांबायचं, मग सहा, सात आणि शेवटी आठ. ती पुन्हा ‘एक’पासून सुरू करत असेल तर ठिपके इतक्यात बंद करू नका.

घड्याळाचं सध्या एवढंच: मोठा काटा १२ वर असताना फक्त छोटा काटा वाचायचा.

मात्र एक आणि दोनची नाणी चित्रात सारखीच दिसतात. तिथे चूक झाली तर आधी नाण्यावरचा अंक वाचून घ्या.