हळदीआधी लेकाला चार शब्द

लेकरा, तुळजापूरचं दर्शन, गोंधळ, सत्यनारायण उरकला की बायका तुमची खोली सजवतील, पोरं चिडवतील. मनावर घेऊ नको. त्याच रात्री काही झालंच पाहिजे असं काही नसतं. तिला विचार, "दमलीस का? झोपायचंय?" नवी नवरी तोंडावर नाही म्हणत नाही, मान खाली घालते, अंग चोरते, फार तर "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते. याला होकार समजू नको. हात मागं घे, दिवा राहू दे, तिच्या माहेरचं विचार. ती बोलायला लागली की मोबाईल उलटा ठेव, मधी तोडू नको. आज हो म्हणाली तरी उद्या पुन्हा विचारायचं. अन् सकाळी दोस्त खोदून विचारतीलच, त्यांना चहा पाज अन् वाटेला लाव.