संदेष्टा, प्रेषित की पैगंबर?

प्रश्न : "यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांत प्रॉफेटची भूमिका काय, याचा उजळणीसाठी तक्ता करतेय. तिन्ही रकान्यांत 'प्रेषित' लिहिलं तर चालेल का?"

नाही, ख्रिस्ती रकान्यात घोटाळा होईल. मराठी बायबलात प्रॉफेटला 'संदेष्टा' म्हणतात. 'प्रेषित' म्हणजे तिथे पेत्र-पौलासारखे, येशूने पाठवलेले. 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक त्यांचंच. इस्लामविषयक मराठी लेखनात मात्र 'प्रेषित मुहम्मद' रूढ आहे, आणि तेही बरोबरच, कारण मूळ अरबी शब्द 'रसूल'चा अर्थ पाठवलेला असाच होतो. म्हणून पहिल्या दोन रकान्यांत 'संदेष्टा' आणि तिसऱ्यात 'पैगंबर, प्रेषित' लिहा.

पण नुसता शब्द बदलून भूमिकेतला फरक लक्षात राहत नाही. त्यासाठी एकच माणूस तिन्हीकडे पाहा : दावीद.

हिब्रू बायबलात तो राजा आहे. उरीयाची बायको बथशेबा त्याने घेतली आणि उरीयाला लढाईत मुद्दाम मारवलं. तेव्हा नाथान संदेष्टा येतो आणि एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी कशी लाटली ते सांगतो. दावीद संतापतो, आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. देवाच्या वतीने राजालाही जाब विचारणं, हे संदेष्ट्याचं काम इथे लख्ख दिसतं.

ख्रिस्ती परंपरेने ही कथा ठेवलीच, पण 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये पेत्र दावीदालाच संदेष्टा म्हणतो, कारण दावीदाच्या स्तोत्रात पेत्राला ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची चाहूल दिसते. भर भविष्याकडे वळला.

कुरआनात दाऊद स्वतःच पैगंबर आहेत. त्यांना जबूर हा ग्रंथ दिला गेला. मेंढ्यांची तक्रार तिथेही येते, एकाकडे नव्व्याण्णव आणि दुसऱ्याकडे एक. पण नाथान नाही, बथशेबाचं नावही नाही. दाऊद क्षमा मागतात आणि ती मिळते. पैगंबरांना अल्लाह मोठ्या पापापासून राखतो, असं बहुतेक मुस्लिम विद्वान मानतात. त्यामुळे व्यभिचाराची कथा ते नाकारतात.

| | यहुदी | ख्रिस्ती | इस्लाम |
|---|---|---|---|
| शब्द | संदेष्टा | संदेष्टा | पैगंबर, प्रेषित |
| मुख्य काम | देवाशी केलेल्या कराराची आठवण, राजालाही जाब | तेच, शिवाय ख्रिस्ताची पूर्वसूचना | एकाच ईश्वराचा संदेश, वागणुकीचा आदर्श |
| दावीद | राजा | राजा आणि संदेष्टा | पैगंबर |
| येशू | संदेष्टा मानत नाहीत | संदेष्टा, पण त्याहून मोठा : देवाचा पुत्र | पैगंबर ईसा |
| शेवट | मलाखी या संदेष्ट्याच्या काळी | खाली पाहा | मुहम्मद |

ख्रिस्ती 'शेवट' एका नावात बसत नाही. बाप्तिस्मा देणारा योहान हा जुन्या परंपरेतला शेवटचा असं सहसा शिकवतात, पण नव्या ख्रिस्ती मंडळीतही अगबसारखे संदेष्टे होतेच. त्याने दुष्काळ पडणार असं आधी सांगितलं होतं. त्या चौकटीत दोन्ही नावं लिहा.