लेव्हल 21 वरून 16 वर का आली, आणि एमआरआयचं काय

प्रश्न: "आमचा कुत्रा दोन वर्षांचा, लॅब अन् गावठी मिक्स, वजन 22 किलो. चार महिन्यांत तीन झटके आले म्हणून डॉक्टरनं फेनोबार्बिटोन 60 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. शुगर, कॅल्शियम, लिव्हर, किडनी सगळं नॉर्मल होतं. दोन आठवड्यांनी रक्तातली लेव्हल 21 होती. गोळी एक दिवस चुकली नाही, तरी तीन महिन्यांनी 16 आली अन् मागच्या महिन्यात दोन झटके. कागदावर 15 ते 40 नॉर्मल लिहिलं आहे. डॉक्टर डोस वाढवा म्हणते, मेव्हणा म्हणते डोक्यात गाठ असन, एमआरआय कर. कोणाचं ऐकू? वाशीम जिल्ह्यातलं खेडं आहे."

दादा, सध्या डॉक्टरांचं ऐका. मेव्हण्याची शंका उगाच नाही, पण तिचं उत्तर आधी घरच्या अंगणात शोधता येतं.

सहा महिने ते सहा वर्षं या वयात झटके सुरू झाले, दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत कुत्रा अगदी ठणठणीत असला आणि रक्त-लघवीत काही सापडलं नाही, तर त्याला इडिओपॅथिक एपिलेप्सी धरतात. म्हणजे मेंदूच्या रचनेत दिसण्यासारखा बिघाड नाही, पण झटका येण्याची प्रवृत्ती आहे, बहुधा जन्मजात. 2015 साली आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय एपिलेप्सी कार्यगटाने हीच पहिली पायरी ठरवली. एमआरआय आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासणं ही त्याच्या पुढची पायरी. तुमच्याकडे एमआरआयआधी करायची एक तपासणी राहिलेली दिसते: बाइल ॲसिड, उपाशीपोटी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी. लिव्हरला टाळून रक्त थेट पुढे नेणारी जन्मजात वाकडी रक्तवाहिनी असेल तर साध्या लिव्हर टेस्टमध्ये ती निसटते, आणि फेनोबार्बिटोन तर लिव्हरमधूनच निघतं. चांगला भरलेला 22 किलोचा कुत्रा असल्याने शक्यता कमी, तरी एकदा करून टाका.

आता रचनेतला बिघाड, म्हणजे गाठ, मेंदूची सूज, जुना मार, जन्मजात दोष. त्याची मुख्य खूण ही की दोन झटक्यांच्या मधल्या काळातही काहीतरी बिघडलेलं असतं, आणि बरेचदा एकाच बाजूने. हे बघायचं झटक्यानंतर तीन-चार दिवस जाऊ देऊन. झटक्यानंतर लगेच कुत्रा आंधळ्यासारखा भिंतीला धडकतो, गोल फिरतो, लडखडतो. ते थकलेल्या मेंदूचं काम असतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. त्या अवस्थेत तपासलं तर प्रत्येक कुत्र्याच्या डोक्यात गाठ दिसेल.

कापसाचा बोंडाएवढा गोळा घ्या, घरात असणारच. कुत्र्याचा एक डोळा हाताने झाका आणि दुसऱ्या डोळ्यासमोर वरून गोळा सोडा. कापूस आवाज करत नाही, त्याचा वास कुत्र्याला ओळखीचा, म्हणून नजर वळली तर ती बघूनच वळली. मग दुसरा डोळा. हात डोळ्याकडे नेऊन पापणी मिटते का तेही बघतात, पण हाताचा वारा डोळ्याला लागला तर आंधळा कुत्राही पापणी मिटतो. कापूस जास्त भरवशाचा.

मग कुत्र्याला उभा करून छातीखाली हात देऊन थोडं वजन पेला आणि एक पंजा अलगद उलटा करून ठेवा, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला टेकेल. निरोगी कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. चारही पाय दोन-तीनदा बघा. एकाच बाजूचा पाय तसाच उलटा राहत असेल किंवा उशीर लावत असेल तर ती नोंद महत्त्वाची. जेवणाच्या ताटावरही लक्ष ठेवा. ताटातलं एका बाजूचंच खातो आणि दुसऱ्या बाजूचा भात तसाच राहतो, असं रोज दिसलं तर ते भूक कमी असल्याने नाही. मेंदूच्या पुढच्या भागात डाव्या बाजूला बिघाड असेल तर उजवीकडचं दिसत नाही, उजवा पंजा उलटा राहतो, आणि कुत्रा फिरतो मात्र डावीकडे.

आपल्या भागात तरुण कुत्र्याच्या मेंदूला बिघाड म्हटलं की गाठीआधी डिस्टेंपर हा विषाणूचा आजार आठवावा. लस झाली नसेल, काही आठवड्यांपूर्वी नाक-डोळ्यांतून चिकट पाणी, खोकला, जुलाब झाले असतील, आणि आता कानशील किंवा एखादा पाय झोपेतही ठेक्यात उडत असेल, तर हे प्रकरण वेगळं. फवारणीच्या दिवसांतली विषबाधाही वेगळी दिसते: लाळ, बारीक झालेली बाहुली, जुलाब, न थांबणारी थरथर. ती महिन्यातून एकदा येऊन मधे कुत्र्याला खेळू देत नाही. पिसाळलेला कुत्रा तर असा आठवडेच्या आठवडे बरा होऊन राहतच नाही.

हे सगळं दोन्ही बाजूंना नीट आलं तर एमआरआय आज थांबू शकतो. शंभर टक्के खात्री मिळत नाही. मेंदूच्या अगदी पुढच्या भागातली गाठ बराच काळ मुकी राहते, म्हणून ही तपासणी दर महिन्याला करा. पण भूल देऊन, दूर शहरात नेऊन करायच्या तपासणीआधी हातातलं सोपं कारण सोडवून घ्यावं. ते सोपं कारण म्हणजे तुमचा 16 चा आकडा.

फेनोबार्बिटोन लिव्हरच्या ज्या एन्झाइमने मोडलं जातं, ते एन्झाइम हे औषध स्वतःच वाढवतं. सुरुवातीला शरीरातलं अर्धं औषध निघून जायला साधारण दोन दिवस लागतात, दोन-तीन महिन्यांत ते सव्वा-दीड दिवसावर येऊ शकतं. टाक्यात वरून पाणी तेवढंच पडतंय, खालची तोटी मात्र मोठी झाली. म्हणून गोळी एकदाही न चुकता 21 चे 16 होतात. यात तुमची चूक नाही आणि औषध बनावट असल्याचाही हा पुरावा नाही. म्हणूनच लेव्हल दोन आठवड्यांनी, मग साधारण दीड महिन्याने, आणि पुढे दर सहा महिन्यांनी बघतात.

तरी 16 हा आकडा खरा आहे का, हे आधी विचारा. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर रक्त सहसा पिवळ्या झाकणाच्या नळीत घेतात, तिच्या तळाशी जेल असतं. ते जेल फेनोबार्बिटोन शोषून घेतं, आणि नागपूर-मुंबईला जाईपर्यंत नमुना त्यावर बसून राहिला तर लेव्हल खोटी कमी येते. लाल झाकणाची, जेल नसलेली साधी नळी मागा आणि सीरम वेगळं करूनच पाठवायला सांगा. दोन्ही वेळा रक्त साधारण एकाच वेळी घ्या, सकाळच्या गोळीआधी घेतलं तर उत्तम. आणि कुत्रा पुन्हा काट्यावर घाला. या औषधाने भूक राक्षसी होते, तीन महिन्यांत दोन-तीन किलो वाढलं तर किलोमागे औषध तेवढंच कमी पडलं.

नळी बरोबर होती असं धरून हिशेब असा. लेव्हल डोसच्या जवळपास प्रमाणात चालते:

नवा दिवसाचा डोस = (हवी ती लेव्हल ÷ आत्ताची लेव्हल) × आत्ताचा दिवसाचा डोस

तुमचा दिवसाचा डोस 120 मिलिग्रॅम. 25 हवी म्हटलं तर 25 भागिले 16, गुणिले 120, म्हणजे 187. गोळी 30 मिलिग्रॅमची, म्हणून सकाळी तीन, संध्याकाळी तीन, असे 180. अपेक्षित लेव्हल 24 च्या आसपास. किलोमागे हे एका वेळी चार मिलिग्रॅम होतं, डॉक्टर सहज मान्य करतील. पहिले आठ-दहा दिवस कुत्रा सुस्त राहील, मागचे पाय लडखडतील, पाणी जास्त पिईल. नवा डोस स्थिरावायला दोन आठवडे लागतात. त्याआधी केलेली लेव्हल म्हणजे वाया गेलेले पैसे.

कागदावरच्या "15 ते 40 नॉर्मल"चा अर्थ शुगरच्या नॉर्मलसारखा नाही. निरोगी कुत्र्याच्या रक्तात फेनोबार्बिटोन शून्य असतं. या पट्ट्यात कुठेतरी बहुतेक कुत्रे आटोक्यात येतात, एवढंच ते सांगतं. एखादा 18 वर वर्षभर शांत राहतो, तेव्हा डोस वाढवायचं काहीच कारण नसतं. तुमच्याकडे 16 वर महिन्यात दोन झटके, म्हणजे या कुत्र्याला 16 पुरत नाही. बहुतेक डॉक्टर 25 ते 30 गाठायला बघतात. 35 च्या वर लिव्हरला इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणून 40 पर्यंत जागा आहे असं समजून चढवत नेऊ नका. तोटीचा हिशेब इथेही लागू आहे, नव्या डोसवरही लेव्हल पुन्हा थोडी उतरू शकते.

लिव्हरच्या रिपोर्टमध्ये एकटं एएलपी वाढलेलं दिसलं तर घाबरून औषध थांबवू नका, या औषधाने ते वाढतंच. एएलटीही बरोबर चढत असेल, अल्ब्युमिन उतरत असेल, बाइल ॲसिड बिघडलं असेल तर मात्र काळजी. कोणत्याही परिस्थितीत गोळी एकदम बंद करायची नाही. अचानक बंद केल्याने येणारे झटके मूळ झटक्यांपेक्षा वाईट असतात. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणा, तालुक्यात हे औषध नेहमी मिळतंच असं नाही.

आणखी एक विचारून घ्या: मागच्या महिन्यात गोचिडांसाठी चघळायची गोळी दिली होती का? फ्लुरालानर, अफोक्सोलानर या गटाच्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येतात, 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तसा इशारा दिला आहे. झटक्यांच्या कुत्र्याला गोचिडांसाठी दुसरा उपाय डॉक्टरांकडून घ्यावा. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक उलट फेनोबार्बिटोनची लेव्हल चढवतं, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या आजारासाठी कोणाकडेही नेलं तरी चालू गोळी आधी सांगा.

कॅलेंडरवर प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, किती मिनिटं आणि सुरुवात शरीराच्या कोणत्या बाजूने झाली ते लिहा. मोबाइलवर व्हिडिओ घ्या. जोडा हुंगवणं, कांदा फोडून नाकाला लावणं सोडा, त्यात फक्त हात चावला जातो. पाच मिनिटांच्या वर चाललेला झटका किंवा चोवीस तासांत दोन, हे लगेच डॉक्टरकडे न्यायचं. मे महिन्यात तर अंग पटकन तापतं, गाडीत बसवताना पोटाला आणि जांघेत ओला कपडा ठेवा, बर्फ नको.

नव्या डोसनंतर दोन आठवड्यांनी, लाल झाकणाच्या नळीत, लेव्हल बघा. औषध सुरू करण्याआधी दोन झटक्यांत जो सर्वात मोठा खंड होता, त्याच्या तिप्पट दिवस, आणि किमान तीन महिने, झटका आला नाही तर डोस लागू पडला. लेव्हल खरोखर 25 ते 30 असूनही झटके तसेच राहिले, तर लेव्हेटिरासिटाम किंवा पोटॅशियम ब्रोमाइड जोडायची बोलणी करा, आणि एमआरआयला न्यायची वेळ तीच. पंजा उलटा राहू लागला किंवा कापूस एका डोळ्याला दिसेनासा झाला, तर तीन महिने थांबू नका, त्याच आठवड्यात न्या.