सून सासूला 'तू' म्हणते की 'तुम्ही'?

प्रश्न : कथेचं प्रूफ वाचतेय. सून सासूला एका पानावर तुम्ही म्हणते, दोन पानांनी तू. फाइंड-रिप्लेस मारून सगळीकडे तुम्ही केलं तर चालेल का? की आपण बरं दिसेल?

फाइंड-रिप्लेस अजिबात नको, तूप आणि वस्तूसुद्धा बदलून बसतील, आणि मुळात सर्वनाम हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. बहुतेक वेळा ही गडबड 'आई' या हाकेमुळे होते. सून सासूला आई म्हणते, लेखक स्वतःच्या आईला अगं-तुगं करत असतो, त्यामुळे आई लिहिलं की हात आपोआप तू कडे जातो.

आता हे वाक्य घ्या : 'अगं आई, तू सकाळपासून उभी आहेस, दमलेली दिसतेस, चहा तरी घेतलास का?' नुसतं सर्वनाम बदललं तर सगळं लंगडं होतं. नीट केलं तर 'अहो आई, तुम्ही सकाळपासून उभ्या आहात, दमलेल्या दिसताय, चहा तरी घेतलात का?' असं होईल. म्हणजे अगं चं अहो, घेतलास चं घेतलात आणि उभी-दमलेली चं उभ्या-दमलेल्या. इथेच जास्त चुका सापडतात, 'तुम्ही दमलेली दिसता' किंवा बाईलाच 'कसे आहात', तिथे 'कशा आहात' हवं. मी तर एका वेळी एकाच पात्राची एकाच माणसाशी बोललेली वाक्यं सलग मोठ्याने वाचते, सुटलेला एखादा आलीस-गेलीस लगेच कानाला खटकतो.

पण सगळ्यांचं एकसारखं करायला जाऊ नका हं. संबोधन पात्राचं नसतं, कोण कोणाशी बोलतंय त्यावर असतं. सासू सुनेला तूच म्हणेल. नवरा 'आई देवळात गेली' म्हणेल आणि त्याच प्रसंगात सून 'आई देवळात गेल्यात' म्हणेल, दोन्ही बरोबर, तिथे पेन्सिल लावायची नाही. आजकाल बऱ्याच घरांत सुनाही सासूला अगं आई म्हणतात, तेव्हा तू की तुम्ही हे लेखकालाच विचारा, आपण परस्पर ठरवू नये, आणि एकदा ठरलं की ते शेवटपर्यंत.

आपण मात्र इथे नको. घरातल्या बोलण्यात आपण म्हटलं की बोलणारा धरून सगळे असा अर्थ आधी लागतो, 'आपण कधी निघायचं' मध्ये सून पण निघाली. समोरच्याला आदराने आपण म्हणणं सभेत, पत्रात, फार तर व्याह्यांच्या पहिल्या भेटीत शोभतं.

आणि बदल मुद्दाम असेल, म्हणजे सासू आजारी पडल्यावर सुनेच्या तोंडून पहिल्यांदा 'तू झोप आता' निघालं असेल, तर तो अर्थातच ठेवायचा. फक्त तिथून पुढे परत तुम्ही वर जाते का ते बघा, आणि जात असेल तर ते लेखकाला माहीत आहे ना हे विचारून घ्या.