फोनवर ठरलेलं ईमेलमध्ये कसं लिहावं?

प्रश्न: क्लायंट फोनवर एक बोलतात आणि महिन्याने "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणतात. कॉलनंतर ईमेल पाठवून ठेवा असं सगळे सांगतात, पण त्यात नक्की लिहायचं काय? आणि समोरच्याला आपला विश्वास नाही असं वाटणार नाही का?

उत्तर:

मी पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं घेते, त्यात स्वयंपाकघरं जास्त. कॉलनंतरचा ईमेल मी एका फोननंतर सुरू केला, म्हणून आधी तोच सांगते.

एका साहेबांचा फोन आला तेव्हा मी साइटवर होते, शेजारी कटर चालू. ते म्हणाले, "मॅडम, खालच्या कपाटांना हँडल नको, ते प्रोफाइलवालं करा. तेवढ्यात होऊन जाईल ना?" प्रोफाइल म्हणजे हँडलऐवजी बसवायची खाचेची ॲल्युमिनियम पट्टी. मी म्हणाले, "हो, होईल." माझ्या डोक्यात दिवस होते: तेवढ्याच दिवसांत होईल का, असं ते विचारतायत. त्यांच्या डोक्यात पैसे होते. शेवटच्या बिलात प्रोफाइलचे जादा पैसे दिसल्यावर ते चिडले आणि म्हणाले, "तुम्ही स्वतः हो म्हणालात." खरंच म्हणाले होते. ते खोटं बोलत नव्हते आणि मीही नाही. ते पैसे माझ्या खिशातून गेले.

तेव्हापासून मी या ईमेलकडे खोटं पकडायचं साधन म्हणून बघत नाही. एकाच शब्दाचे दोघांनी दोन अर्थ घेतले असतील, तर ते काम सुरू व्हायच्या आधी कळावं, एवढ्यासाठी तो असतो. म्हणून फोनवरचे सैल शब्द मी त्यात तसेच उतरवत नाही. "तेवढ्यात", "लवकर", "थोडं वाढेल", "नेहमीसारखं" या प्रत्येकाच्या जागी आकडा, तारीख किंवा वस्तूचं नाव घालते. तो आकडा त्यांच्या मनातल्याशी जुळला नाही तर त्यांचा लगेच फोन येतो, आणि तो येणं फार चांगलं.

आज तसाच कॉल झाला तर मी काय लिहीन ते पूर्ण देते.

विषय: स्वयंपाकघर – मंगळवार 11 मार्चच्या फोनवर ठरलेले बदल

नमस्कार साहेब,
आज दुपारी चारच्या सुमारास फोनवर आपलं ठरलं ते असं:
1. खालच्या सर्व कपाटांना हँडलऐवजी ॲल्युमिनियम प्रोफाइल. वरच्या कपाटांना आधी ठरलेलं हँडलच राहील.
2. याचा जादा खर्च 26,500 रुपये, जीएसटी वेगळा. हा मूळ 2,85,000 रुपयांच्या कोटेशनवर वाढेल. ही रक्कम पुढच्या हप्त्यासोबत.
3. काम 10 एप्रिलऐवजी 17 एप्रिलला पूर्ण होईल.

ठरायचं बाकी: प्रोफाइलचा रंग काळा की चंदेरी. तुम्ही गुरुवारी, 13 तारखेपर्यंत कळवणार आहात.

फोनवर बोलायचं राहिलं: आधीची हँडल्स आलेली आहेत. दुकानदार परत घेतो का ते विचारून उद्या कळवते.

वरचं बरोबर असेल तर "बरोबर" एवढंच उत्तर द्या. तुमचं उत्तर आणि रंग आला की शनिवारी, 15 तारखेला पॅनेल कापायला घेऊ. कापल्यानंतर पुन्हा हँडलवर येता येणार नाही.

यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे ठरलेलं, बाकी असलेलं आणि न बोललेलं हे तीन वेगळे ठेवणं. हँडल्सचा विषय मला फोन ठेवल्यावर आठवला. तो "ठरलं" या यादीत घुसवला असता तर कदाचित लक्षातही आलं नसतं कुणाच्या. पण एकदा जरी क्लायंटला दिसलं की आपण न बोललेली गोष्ट ठरलेली म्हणून लिहितो, की पुढचा प्रत्येक ईमेल ते संशयाने वाचतात, आणि मग त्या ईमेलला काही किंमत राहत नाही. आपल्या तोट्याची गोष्ट फोनवर कबूल केली असेल तर तीही लिहायचीच.

ईमेलमधलं शेवटचं वाक्य धमकी म्हणून नाही. या प्रोफाइलसाठी खालच्या कपाटाच्या बाजूच्या फळ्यांना वर खाच पाडावी लागते आणि दारं आखूड कापावी लागतात. खाच पडली की ती फळी हँडलच्या कपाटाला चालत नाही. तुमच्या धंद्यातही असा मागे न फिरण्याचा एक टप्पा असेलच: छपाईला प्लेट जाणं, कापड कापणं, तिकीट काढणं. तो टप्पा तारखेसकट लिहा आणि उत्तर येईपर्यंत तो ओलांडू नका.

"दोन दिवसांत उत्तर न आल्यास मान्य समजू" असं बरेच जण लिहितात. माझा त्यावर भरवसा नाही. नुसतं गप्प राहणं म्हणजे होकार, असं आपला करार कायदा सहसा मानत नाही, आणि व्यवहारातही "मी ईमेल बघितलाच नाही" हे उत्तर तयार असतं. मी त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर "ईमेल पाठवलाय, एकदा बघून बरोबर म्हणा" असं टाकते. तरीही उत्तर नाही आलं तर फोन करते, पण काम थांबलेलं असतं. पुढचा हप्ता त्या जादा रकमेसह आला, तर तोही चांगला पुरावा होतो.

"बरोबर, फक्त तारीख 15 एप्रिल करा" असं उत्तर आलं तर ते होकार म्हणून बाजूला ठेवू नका. तोवर तो ईमेल अजून मान्य न झालेला मसुदाच समजा. तारीख जमत असेल तर सुधारलेली यादी पूर्ण लिहून त्याच साखळीत पुन्हा पाठवा आणि पुन्हा "बरोबर" मागा.

कायद्याचं थोडक्यात. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच असतो, अडचण येते ती सिद्ध करताना. ईमेलवर झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10-क मध्ये आहे. पुढे वाद झालाच तर कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ ईमेल मेलबॉक्समध्ये असू द्या. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मोठ्या रकमेच्या कामात मात्र सही केलेला करार हवाच. हा ईमेल त्यानंतरच्या बदलांसाठी आहे.

आता विश्वासाचं. ईमेल अचानक गेला तर खटकतो, हे खरं आहे. म्हणून मी फोन ठेवतानाच म्हणते, "साहेब, मी हे लिहून पाठवते, माझ्याकडून काही चुकीचं ऐकलं गेलं असेल तर सांगा." आणि हे पहिल्या कॉलपासून प्रत्येक वेळी करते. भांडणाची चाहूल लागल्यावर पहिला ईमेल पाठवला, तर तो कितीही गोड लिहा, वकिलाच्या नोटिशीसारखाच वाटतो.

घरकामात आणखी एक बघा. फोन साहेब करतात, पण स्वयंपाकघर वापरणाऱ्या वहिनी किंवा आई वेगळ्या असतात. ईमेल दोघांना पाठवा. गेल्या वर्षी एका कामात साहेबांचं "बरोबर" आलं आणि दहा मिनिटांत वहिनींचं उत्तर आलं, "सिंकखाली प्रोफाइल नको, तिथे ओला हात लागतो, हँडलच ठेवा." पॅनेल अजून कापायचे होते.