लोक येणार नाहीत म्हणून एजीएम पुढे ढकलली, चालतं का?

प्रश्न: आमच्या हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस लावलीय की बरेच मेंबर गावाला जाणार म्हणून २१ सप्टेंबरची एजीएम पुढे ढकलतोय, नवी तारीख नंतर कळवू. असं करता येतं का?

महाराष्ट्रातली सोसायटी असेल तर "नंतर कळवू" हीच खरी गडबड आहे, कारण आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपतं आणि त्यानंतर ६ महिन्यांत म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत एजीएम घ्यावीच लागते, आणि नव्याने नोटीस काढायची तर पुन्हा १४ दिवस द्यावे लागतात, मग मुदत गेलीच ना.

मुळात कमी लोक येतील म्हणून ढकलायची गरजच नाही. आदर्श उपविधीप्रमाणे कोरम म्हणजे एकूण मेंबरच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे ४० मेंबर असतील तर २० पुरतात, २४ असतील तर १६. तेवढेही नाही आले तर अर्धा तास थांबून सभा तहकूब करायची, आणि मूळ नोटिशीत लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी थोड्या वेळाने घ्यायची, नाहीतर ७ ते ३० दिवसांत. तहकूब सभेला कोरम लागत नाही, फक्त विषय जुन्याच अजेंड्यावरचे, नवीन घुसडता येत नाहीत (काही हुशार कमिट्या प्रयत्न करतात). म्हणून तर बहुतेक नोटिशींच्या खाली त्याच दिवशी तहकूब सभा घेण्याची ओळ छापलेलीच असते.

सेक्रेटरीला लेखी पत्र द्या, ठरलेल्या दिवशीच सभा घ्या म्हणून, आणि पोच घ्या. ऐकलं नाही तर पत्राची कॉपी लावून उपनिबंधकांकडे तक्रार.